'आयलंड'मधला एस

जुलैत पाऊस झोडपू लागला की आमच्याकडे दप्तर रोज उपसून वाळत घालावं लागतं. २०२४ च्या जुलैत ते उपसताना लक्षात आलं की निनादची पाण्याची बाटली सकाळी भरून दिली तशीच दुपारी परत येतेय. वाटलं, थंडावा आहे, तहान लागत नसेल. मग दुसरी गोष्ट दिसली. शाळेच्या बसमधून, म्हणजे बालरथमधून, उतरला की तो पळत सुटायचा. चपला दोन दिशांना, दप्तर सोप्यावर, आणि थेट बाथरूम. पावणेदोन वाजलेले असायचे. सकाळी सातला घरून निघालेलं पोर दुपारपर्यंत एकदाही लघवीला जात नव्हतं.

निनाद हे त्याचं खरं नाव नाही. हे लिहू का, असं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, लिही, पण नाव मी ठेवणार. त्याला 'मेस्सी' हवं होतं. घासाघीस होऊन निनादवर तोडगा निघाला.

आम्ही फोंड्याजवळच्या एका गावात राहतो. मी क्रेडिट सोसायटीत कामाला आहे, त्याचे पप्पा कुंडईला कारखान्यात शिफ्टमध्ये. निनाद चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत होता. वर्गात अकरा मुलं, दोन शिक्षिका, समोर पिंपळ. गोव्यात पुढे काय होतं ते इथल्या वाचकांना सांगायला नको: चौथी संपली की मराठी शाळा संपते, आणि पाचवीला मूल हायस्कूलच्या इंग्रजी वर्गात जाऊन बसतं. तिथे बेचाळीस मुलं होती. त्यातली निम्मी केजीपासून इंग्रजीत शिकलेली आणि एकमेकांना ओळखणारी.

१३ जुलैला, शनिवारी, त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. पोटात दुखतं म्हणत होता, तेही नेमकं रविवारी रात्री आणि सोमवारी सकाळी. तपासणीचे ५०० रुपये, लघवीच्या तपासणीचे २००. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, त्यात काही नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून निनादला विचारलं, "शाळेतल्या बाथरूमला कुलूप असतं का रे?" तो म्हणाला, "नाही." "घाण असतं?" "नाही." मग तो गप्प झाला. डॉक्टर मला बाहेर म्हणाले, औषध देत नाही, शाळेत काय चाललंय ते बघा. आणि एक सांगितलं जे पुढे फार उपयोगी पडलं: समोर बसवून विचारू नका.

मी अर्थातच समोर बसवून विचारलं. "कोणी काही बोलतं का? कोण? सांग ना." तीन संध्याकाळी हेच. तो "काही नाही" म्हणून भिंतीकडे बघायचा.

तो बोलला पुढच्या आठवड्यात, स्कूटरवर. ट्यूशनहून परत येत होतो, दोघांच्या अंगावर रेनकोट, तो मागे. त्याला माझं तोंड दिसत नव्हतं, मला त्याचं नाही. फर्मागुडीच्या चढावर पाठीमागून आवाज आला, "आई, आयलंड कसं वाचतात?" मी सांगितलं. "मी इसलँड वाचलं," तो म्हणाला, आणि मग घर येईपर्यंत सगळं आलं. मी मुद्दाम बाजारावरून लांबचा रस्ता घेतला.

जूनमध्ये, शाळा सुरू होऊन दहा-बारा दिवस झाले असतील, इंग्रजीच्या तासाला त्याला उठवून धडा वाचायला सांगितला. आयत्या वेळी, तयारी नसताना. island शब्द आला. मराठी शाळेतून आलेलं मूल अक्षरं जशी दिसतात तशी वाचणार. आपल्या लिपीने त्याला तेच शिकवलंय. वर्ग हसला. टीचरही हसल्या, वाईट हेतूने नसेल. त्या दिवसापासून त्याचं नाव 'इसलँड' पडलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर चिडवाचिडवी म्हणून सोडून दिलं असतं. पण मुलांनी त्याचा खेळ केला. इसलँडवर कोणी राहत नाही, म्हणून त्याच्या बाकावर कोणी बसायचं नाही. इसलँडच्या भोवती पाणी, म्हणून त्याला ज्याचा हात लागेल तो 'बुडला', आणि त्याने पळत जाऊन दुसऱ्याला हात लावायचा. मधल्या सुट्टीत फुटबॉलला गेला की "टीम फुल्ल जाली रे." आणि बाथरूमच्या बोळात तो दिसला की चार-पाच जण ओरडायचे, "उदक वाडलां, उदक वाडलां!" म्हणून तो बाथरूमला जात नव्हता. जावं लागू नये म्हणून पाणी पीत नव्हता.

त्याला कोणी मारलं नव्हतं, एक शिवीही दिली नव्हती. वाळीत टाकण्याचं हेच अवघड असतं, दाखवायला वळ नसतो. आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे विचारलं तर तो म्हणणार, आम्ही खेळत होतो, आणि ते खोटंही नाही.

पुढचे दहा दिवस आम्ही दोघांनी मिळून जेवढ्या चुका करता येतील तेवढ्या केल्या. त्याचे पप्पा म्हणाले, "दोन ठेवून दे एकाला, गप्प होतील." निनाद हाडापिंडाने किरकोळ, ठेवणार कोणाला? शिवाय आता घरीही त्याच्याकडून काहीतरी होत नव्हतं, एवढंच त्याला कळलं. मी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून त्या मुलांतल्या म्होरक्याच्या आईचा नंबर काढून फोन केला. गोड आवाजात सुरुवात केली, पण आवाज चढला. ती म्हणाली, "माझा मुलगा असं करणार नाही. तुमचा जरा जास्तच हळवा दिसतो." तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. दुसऱ्या दिवशी बालरथमध्ये 'इसलँड'च्या जोडीला 'मम्मीक सांग' आलं. निनाद घरी येऊन मला म्हणाला, "तुला आता काही सांगणार नाही." ते वाक्य मला चिडवणाऱ्यांच्या सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त लागलं.

ग्रुपवर काहीही लिहू नका आणि दुसऱ्या पालकाला थेट फोन करू नका, हे मी आता कोणालाही सांगते. शाळेत घडलं ते शाळेमार्फतच सुटू द्यावं.

मग मी एक वही केली. तो आपणहून काही बोलला तर तो झोपल्यावर लिहायचं: तारीख, जागा, काय झालं, आसपास मोठं माणूस कोण होतं. माझं मत नाही, विशेषणं नाहीत. ३० जुलै, बालरथ, घरी येताना, शेजारची जागा रिकामी असून दोघे उभे राहिले, 'बुडशात' म्हणाले, अटेंडंट पुढे दारात. अशा नोंदी. दोन आठवड्यांत अकरा झाल्या, आणि त्या ओळीने वाचल्या तेव्हा मला जे डोक्याने कळलं नव्हतं ते दिसलं. अकरापैकी नऊ गोष्टी तीनच जागी घडल्या होत्या: बालरथ, फुटबॉलच्या टीम पाडताना, बाथरूमचा बोळ. तिन्ही ठिकाणी मोठं माणूस नाही, किंवा आहे पण पाठ करून. उरलेल्या दोन इंग्रजीच्या वाचनाच्या. म्हणजे 'वर्गातली मुलं वाईट आहेत' हा प्रश्न नव्हताच. दिवसातला कोणाची नजर नसलेला पाऊण तास, एवढा प्रश्न होता, आणि पाऊण तासाचं काहीतरी करता येतं.

१२ ऑगस्टला अर्ज दिला. क्लासटीचरच्या नावे, मुख्याध्यापिकांमार्फत. दोन प्रती नेल्या आणि ऑफिसात एकीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का मारून घेतला. क्लार्कने "कशाला, टीचरना सांगा की तोंडी" म्हटलं, पण मारून दिला. हा शिक्का भांडणासाठी नव्हे. तोंडी सांगितलेलं बेचाळीस मुलांच्या गडबडीत विसरलं जातं, इनवर्डला गेलेलं कागदपत्र कुठेतरी फिरत राहतं. अर्जात कोणत्याही मुलाला 'गुंड' वगैरे म्हटलं नाही. वहीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवल्या, नावं वेगळ्या कागदावर दिली, आणि शेवटी 'योग्य ती कारवाई व्हावी' हे आपलं नेहमीचं वाक्य टाळून तीन गोष्टी मागितल्या: बालरथमध्ये अटेंडंटच्या मागची जागा, टीम पाडण्याची दुसरी पद्धत, आणि वाचनाचा परिच्छेद एक दिवस आधी.

टीचरनी पंधरा ऑगस्टनंतर काहीतरी केलं, पण आम्ही मागितलेलं नव्हे. निनादला आणि चिडवणाऱ्यांतल्या तिघांना वर्गासमोर उभं केलं, "से सॉरी" म्हणवलं आणि हात मिळवायला लावले. हात मिळवताच मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच "बुडलो" म्हणालं आणि वर्ग फुटला. त्या दिवशी निनाद जेवला नाही.

टीचरचा मला तेव्हा प्रचंड राग आला होता. नंतर समुपदेशक मॅडमनी समजावलं की बहुतेक मोठी माणसं हेच करतात, कारण दोन मुलांचं भांडण मिटवायला हे चालतं. भांडणात दोघांचा थोडा थोडा वाटा असतो आणि दोघांची ताकद सारखी असते. इथे एक बाजू दहा जणांची होती आणि एक एकट्याची, आणि ते पुन्हा पुन्हा होत होतं. तिथे समेट घडवायचा म्हणजे एकट्याला सगळ्यांसमोर आणखी एकदा उभं करायचं.

२८ ऑगस्टला मुख्याध्यापिकांना भेटले. त्याचे पप्पा नाईट करून तसेच आले होते, डोळे लाल. मी आधीच ठरवून गेले होते की आवाज चढवायचा नाही. वही पुढे ठेवली आणि गप्प बसले. त्यांनी चार पानं वाचली आणि म्हणाल्या, "बाथरूमचं हे मला माहीत नव्हतं." त्यांनी शाळेच्या समुपदेशक मॅडमकडे नाव दिलं. त्या तीन शाळा बघतात, आमच्याकडे मंगळवार आणि गुरुवार. त्यात चतुर्थी आली, ७ सप्टेंबरला, आणि सुट्टी. तारीख मिळाली १७ सप्टेंबर. फी नाही. दरम्यान घाबरून मी खाजगी मानसोपचारतज्ज्ञांकडेही चौकशी केली होती: पहिल्या भेटीचे १२०० रुपये आणि तीन आठवडे थांबायचं. शेवटी ती वेळ आली नाही.

चतुर्थीच्या त्या दिवसांत, कोणाचाही सल्ला नसताना, घरात एक बरी गोष्ट घडली. आमच्याकडे गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान आजोबा, म्हणजे माझे सासरे, आणतात. त्यांचा गुडघा धरला होता. ते म्हणाले, "रानात मी उतरत नाही, नातू उतरेल. मी वरून सांगेन." दोन दिवस दोघे सकाळी कोयती घेऊन जायचे. आजोबा वाटेवर छत्री धरून उभे, निनाद खाली झुडपांत. कांगलां, घागऱ्यो, कवंडळं, आंबाड्यांचा घोस, सुपारीचं शिपटं. एकदा तो भलतीच फळं घेऊन वर आला. आजोबांनी त्याला काही म्हटलं नाही. फळ फोडलं, नाकाला लावलं, त्याच्या नाकाला लावलं, आणि टाकून दिलं. "परत जा. डाव्या अंगाला." तो परत गेला. बांधायच्या दिवशी स्टुलावर तोच चढला, कारण पप्पांची शिफ्ट होती आणि आजोबांना चढवत नव्हतं. एक नारळ सैल बांधला होता तो रात्री धपकन खाली आला. तेव्हा सगळे हसले, आणि तो स्वतःही हसला. कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःच्या चुकीवर हसताना बघितलं.

मॅडमना हे मी गप्पांच्या ओघात सांगितलं, तर त्या खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी विचारलं, "आजोबांनी शाबासकी दिली?" मला आठवेना. आमचे आजोबा शाबासकी देणाऱ्यांतले नव्हेत. त्या म्हणाल्या, म्हणूनच ते चाललं. मी गेले दोन महिने त्याला "तू हुशार आहेस, तू शूर आहेस" म्हणत होते आणि तो म्हणायचा, "तू आई आहेस म्हणून म्हणतेस." दहा वर्षांचं मूल पुराव्याशिवाय मानत नाही. माटोळीत त्याच्यावाचून अडलं होतं, तो पुरावा होता. तेव्हा त्यांनी घरासाठी जे सांगितलं ते याच धाग्याने गेलं: त्याच्याशिवाय अडेल असं एक खरं काम द्या, चुकलं तर परत करू द्या, आणि कौतुक करायचंच तर काय केलं तेवढंच बोला. त्याच्याकडे आम्ही गॅस सिलिंडर नोंदवणं आणि पाण्याच्या टाकीचा पंप दिला. दोनदा टाकी वाहून गेली. सांगताना सोपं वाटतं, पण टाकी वाहताना दिसत असून उठायचं नाही याला माझा फार जीव गेला.

दुसरं त्यांनी सांगितलं ते शाळेच्या विषयाबद्दल. रोज "आज काय झालं?" विचारायचं नाही. मी दाराशीच विचारत होते, त्यामुळे घरी येणं म्हणजे त्याच्यासाठी दुसरी चौकशी झाली होती. त्याऐवजी संध्याकाळची वीस मिनिटं, फोन लांब, तो म्हणेल ते करायचं. बहुतेक दिवस आम्ही पत्त्यांत गुलामचोर खेळलो. आठवड्यातून एखाद्या दिवशी पत्ते वाटताना तो काहीतरी बोलायचा.

तिसरं उत्तराचं. त्याच्या पप्पांना एखादं झणझणीत उत्तर शिकवायचं होतं. मॅडम म्हणाल्या, मजेदार उत्तर दिलं की समोरच्याला दुसरा डाव मिळतो. उत्तर कंटाळवाणं पाहिजे, रोज तेच, आणि बोलून चालू पडायचं, कुठे जायचं ते आधी ठरवून. त्याचा सराव आम्ही घरी केला. पहिल्या दिवशी पप्पा चिडवणारे झाले आणि निनाद रडला. ते जरा जास्तच छान चिडवत होते. मग मॅडमनी क्रम उलटा करायला सांगितला. निनाद चिडवणारा, आणि मी इसलँड. त्याने मला मनसोक्त चिडवलं. बोळात कसे उभे राहतात, मान कशी करतात, सगळं हुबेहूब. पाच-सहा संध्याकाळी झाल्यावर म्हणाला, "आता मी." त्याने स्वतः निवडलेलं उत्तर होतं, "हां, एस आहे त्यात." एवढंच. आणि पाण्याच्या नळाकडे चालू पडायचं.

या एसची गंमत. शब्द नीट कळावा म्हणून मी एकदा मोठा शब्दकोश उघडला. जुन्या इंग्रजीत या शब्दात एस नव्हताच. लॅटिन 'इन्सुला'वरून फ्रेंचमधून आलेला 'आयल' हा वेगळा शब्द आहे. हा त्याचाच भाऊबंद असावा अशा समजुतीने साधारण सोळाव्या शतकात लोक यात एस लिहू लागले, आणि तो राहिला. उच्चारात कधी आलाच नाही. निनादने हे दोनदा ऐकलं. "म्हणजे चूक त्यांची?" "लिहिताना त्यांची." "मग वाचताना माझी का?" मला उत्तर सुचलं नाही. मला वाटलं, हे वर्गात सांगितलं तर सगळे गप्प होतील. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणाला, "नको. मग मला 'डिक्शनरी' म्हणतील."

शाळेने आपला वाटा सप्टेंबरअखेर उचलला, आणि हे स्पष्ट लिहायला हवं की त्याशिवाय घरातलं काहीच पुरलं नसतं. रोज सकाळी भिजत राहिलं तर रात्री कितीही वाळवलं तरी काय उपयोग. बालरथमध्ये जागा ठरली. पीटीच्या सरांनी कॅप्टनला मुलं निवडायला लावणं बंद केलं. रांगेत एक-दोन, एक-दोन म्हणायचं, एकवाले इकडे, दोनवाले तिकडे. यात कोणाचंही नाव न घेता 'टीम फुल्ल' संपलं. मधल्या सुट्टीत बोळाच्या तोंडाशी एक शिक्षक उभे राहू लागले. त्या मुलांना मॅडमनी एकेकट्याने बोलावलं, एकत्र नाही. टीचर वाचनाचा परिच्छेद आदल्या दिवशी देऊ लागल्या, आणि फक्त निनादला नाही, सगळ्यांना. तो परिच्छेद तो रात्री आजोबांना तीनदा वाचून दाखवायचा. आजोबांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे ते मधे टोकत नसत. मी असते तर टोकलं असतं.

राहिला मित्र. मॅडमचं म्हणणं, सगळ्या वर्गाने घ्यावं यामागे लागू नका, एक मित्र पुरतो. वहीत एका मुलाचं नाव कुठेच नव्हतं. तो बालरथमध्ये पुढच्या थांब्यावर चढायचा, चिडवत नसे, बोलतही नसे. त्याच्या आईला बाजारात गाठून शनिवारी घरी बोलावलं. पहिली भेट पार फसली. मी शिरा केला, दोघांना समोरासमोर बसवलं आणि आजूबाजूला घुटमळत राहिले. दोघे पाऊण तास मोबाइलकडे बघत बसले, आणि तो गेला.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांना करायला काहीतरी दिलं. वाड्यावरच्या मोठ्या मुलांचा नरकासुर होताच. या दोघांनी अंगणात आपला छोटा करायचा. बांबू आणि गवत घरचं, मुखवटा फोंड्याच्या बाजारातून २५० रुपयांना, रंगीत कागद आणि खळ मिळून आणखी शंभरेक. सहा दिवस लागले. दोघांचं एकदा जोरात वाजलं, हाताच्या लांबीवरून, आणि तो मुलगा तरातरा निघून गेला. मी फोन उचलायच्या बेतात होते. निनाद म्हणाला, "राहू दे, उद्या येईल. कागद माझ्याकडे आहे." तो आला. ३० ऑक्टोबरच्या रात्री दोघे जागले, आणि पहाटे नरकासुर जळताना मी ऐकलं, निनाद त्याला एसची गोष्ट सांगत होता. तो मुलगा म्हणाला, "पण मग knife मधला के?" त्यांचं ते बराच वेळ चाललं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जानेवारीत एका वाढदिवसाला वर्गातल्या बहुतेक मुलांना बोलावलं, याला नाही. तो दिवसभर खोलीत पडून राहिला. पोटदुखी दोन सोमवार परत आली. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं मागे-पुढे होईल, आणि कधी थांबायचं नाही तेही सांगितलं होतं: दोन आठवडे झोप किंवा जेवण तुटलं, शाळेत जायचंच बंद केलं, किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल, जगायला नको याबद्दल एक शब्द जरी बोलला, तर शाळेची वाट न बघता बांबोळीच्या मनोरुग्णालयाची ओपीडी गाठायची किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन करायचा. मुलांसाठीचा १०९८ ही आहे. दोन्ही नंबर फ्रिजवर लिहून ठेवले. लागले नाहीत, अजून पुसलेले नाहीत.

'इसलँड' नाव पूर्ण गेलेलं नाही. फेब्रुवारीत स्नेहसंमेलनाला त्या तिघांतल्या एकाने लांबून हाक मारली, "ए इसलँड!" निनादने हात वर केला आणि आम्ही बसलो होतो तिकडे येत राहिला. मी त्याचा चेहरा बघितला. राग होता, थोडा. पण पाऊल अडलं नाही.

२०२५ साली पहिल्यांदाच सहावीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू झाले, ७ तारखेला, ऐन उकाड्यात. दुपारी तो बालरथमधून उतरला आणि चालत आला. मी रजा काढली होती, त्याला तसं सांगितलं नव्हतं. दप्तर घेतलं, बाटली काढली. रिकामी. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग वह्या काढल्या, तर खालच्या चार चिंब. झाकण नीट लावलं नव्हतं, सगळं पाणी दप्तरात.

"अरे, मग तू प्यायलास काय दिवसभर?"

"नळाचं."

"आणि बाथरूमला..."

"आई," तो म्हणाला, "असलं काय विचारतेस," आणि पंप लावायला गेला.